पेस्ट्रीवर आलेली ट्यूबलाइट

नाशिकात मिसळीचा फोटो काढणं सोपं. तर्री आपोआप चमकते आणि फरसाण कसंही पडलं तरी शोभतं. पेस्ट्रीचं तसं नाही. ती रुसणाऱ्या जावयाच्या जातीची. जरा वेळ लावला की तोंड उतरतं.

कॉलेज रोडवरच्या बेकरीच्या शोकेसवर लावायला चॉकलेट पेस्ट्रीचा जवळून फोटो हवा असेल, तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: वरचा चॉकलेटचा चकचकीत थर, ग्लेझ, म्हणजे आरसा. समोर जे असेल ते तो दाखवणार. छताला ट्यूबलाइट असली की पेस्ट्रीवर पांढरी काठी उमटते, आणि वरून वाकून फोटो काढला की मोबाइलसकट आपलं कपाळ. मालक विचारतो, "हे वर काय आलंय हो?" काय सांगणार? आम्हीच आलोय.

म्हणून दुकानातले दिवे बंद करायचे. गिऱ्हाईक "लाइट गेली का?" विचारून परत फिरतं, ते सोसायचं. पेस्ट्री खिडकीपाशी अशी ठेवायची की उजेड तिच्या मागून, किंचित बाजूने येईल. ऊन थेट येत असेल तर खिडकीला धोतर बांधावं. आजोबांचं जुनं, विरलेलं सर्वांत उत्तम. आता ग्लेझवर काठीऐवजी रुंद, मऊ कडेचा पट्टा पडतो आणि चॉकलेट आत्ताच ओतल्यासारखं ओलं दिसतं. अंधारलेल्या पुढच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करायचा, पण वीतभर लांब. फार जवळ आणला तर क्रीमच्या वळ्यांतल्या सावल्या पुसल्या जातात आणि क्रीमचा चुना होतो. मोबाइलमध्ये क्रीमवर बोट दाबून धरायचं आणि वळ्यांच्या कडा दिसेपर्यंत उजेड उतरवायचा.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून, आणि हे प्रत्येक कापाला. कंटाळा केला की पांढऱ्या क्रीमवर चॉकलेटचे ओघळ येतात. गंमत म्हणजे इतकं सफाईने कापल्यावर स्पंजची जाळी दबते आणि केक फोमच्या गादीसारखा दिसतो. मग टाचणीने तिथली दबलेली चुरी हळूच उचकटत बसायचं. अनारशाची जाळी तपासणारी आजी जशी बसते, तसंच. बाजू कोरडी पडली तर साखरेच्या पाण्याचा ब्रश नुसता टेकवायचा. फिरवला की लगदा.

पावसाळ्यात आणखी एक पेच. फ्रिजमधून थंडगार पेस्ट्री दमट हवेत आली की मिनिटाभरात ग्लेझवर दव धरतं. ते पुसू नये. चमक जाते आणि बोटाचा ठसा कायमचा राहतो. सगळी मांडणी कालच्या उरलेल्या तुकड्यावर जमवायची, आणि खरी नायिका अगदी शेवटी आणून दोन-चार फोटोंत आटपायचं. दव आलंच तर दुसरा तुकडा. पहिल्याची विल्हेवाट लावायला बेकरीतली पोरं केव्हाची उभीच असतात.

एवढं करून फोटो मोठा छापून येतो, शोकेसवर लागतो. त्यावर चकचकीत लॅमिनेशन असतं. आणि त्या लॅमिनेशनवर, बरोब्बर ग्लेझच्या जागी, छतावरची ट्यूबलाइट.