धुरावर आलेलं तेल आणि करपलेली फोडणी

"तेलातून धूर निघाला की मोहरी, जिरे, हिंग, हळद, तिखट, कढीपत्ता सगळं एकदम टाका. मोहरी तडतडली की फोडणी तयार. जरा काळी झाली तरी बिघडत नाही, उलट खमंग लागते."

फोडणीचा हा सल्ला चुकीचा आहे. आधी धुराचं पाहू. मोहरी फुटते ती दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन टरफल फाटतं म्हणून, आणि त्याला तेल साधारण 170 ते 190 अंश सेल्सिअस पुरतं. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल धुरावर येतं तेव्हा ते 220च्या पुढे गेलेलं असतं. तिथे मोहरी पडता क्षणीच उडते आणि जिरं टाकायला वेळच उरत नाही. घाण्याच्या तेलाला तर बरंच आधी धूर सुटतो, म्हणून धूर हे तेल तापल्याचं माप होऊच शकत नाही. सरसोंचं तेल मात्र उग्रपणा जावा म्हणून धुरावर आणतात, पण तेही थोडं निवू देऊन मगच त्यात दाणे टाकायचे. हा सल्ला बहुधा तिथूनच अर्धवट उचलला गेला आहे.

खरं माप मोहरीच देते. मध्यम आचेवर तेल पातळ होऊन पळीत सहज फिरू लागलं की दोन दाणे टाकून बघा. तळाशी नुसतेच पडून राहिले तर थांबा. भोवती बुडबुडे येऊन दोन-तीन सेकंदांत फुटले तर तेल तयार आहे. पडताच फुटून काळे झाले तर गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा दोन दाणे टाका. मोहरी ओली असेल तर ही परीक्षा फसते, शिवाय तेल अंगावर उडतं.

"सगळं एकदम" हे त्याहून चुकीचं आहे, कारण यातला प्रत्येक जिन्नस वेगळ्या वेगाने जळतो. मोहरीला जाड टरफल आहे, जिरं त्यापेक्षा नाजूक, आणि हळद-तिखट म्हणजे तर पूडच. पुडीच्या कणाकणाला चहूबाजूंनी तेल भिडतं. मोहरी फुटेपर्यंत त्याच तेलात पडलेलं तिखट काळं होतं आणि घरभर ठसका लागतो.

चार माणसांच्या वरणाची फोडणी घ्या. दोन मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी, तेवढंच जिरं, दोन चिमटी हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, पाव छोटा चमचा हळद, अर्धा तिखट. सगळं आधी वेगवेगळ्या वाट्यांत काढून ओट्यावर मांडून ठेवा, कारण डबा उघडण्यातच फोडणी करपते. मोहरी टाकली की पहिले दाणे तीन-चार सेकंदांत फुटतात. तिथे फोडणी झाली असं समजू नका. निम्मी मोहरी अजून कच्ची असते आणि ती दाताखाली कडवट लागते. दहा-पंधरा सेकंदांनी तडतड विरळ झाली की जिरं टाका. ते फुलून एक छटा गडद व्हायला पाच ते आठ सेकंद पुरतात. मग हिंग, दोन सेकंद, आणि लगेच गॅस बंद.

आता कढीपत्ता, पुसून कोरडा केलेला. पानातलं पाणी उडताना तेलातली उष्णता घेऊन जातं, म्हणजे पानं फोडणीला लगामच घालतात. म्हणून हळद आणि तिखट त्यांच्यानंतर. हळद दोन-तीन सेकंद, तिखट सगळ्यात शेवटी, आणि ते तेलात मिसळताच पळी वरणात उपडी करायची. मेथीदाणे घालत असाल तर ते जिऱ्याबरोबर, आणि तांबूस होताच पुढचा जिन्नस टाकायचा. तपकिरी झालेली मेथी सगळं वरण कडू करते.

राहिलं काळ्या मोहरीचं खमंगपण. मोहरी मुळातच काळपट, त्यामुळे ती जळली हे रंगावरून पटकन कळत नाही. नीट फुटलेला दाणा उलट राखाडी दिसतो. नजर जिऱ्यावर ठेवा. ते गडद तपकिरीच्या पुढे गेलं आणि वास भाजल्याऐवजी नाकाला झोंबू लागला, की फोडणी करपली. दाणे गाळून काढूनही उपयोग होत नाही, कडवटपणा तेलात उतरलेला असतो. ते तेल टाकून द्या, पळी पुसून घ्या (तळाला चिकटलेले काळे कण पुढची फोडणीही बिघडवतात) आणि नवं तेल घ्या.

ही सगळी सेकंदं मध्यम आच आणि पातळ पळी धरून आहेत. जाड लोखंडी पळी गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून तिच्यात जिरं फुलू लागतानाच गॅस बंद करा. हिंगापासूनचं पुढचं सगळं उरलेल्या उष्णतेवर होतं.