दहा म्हणजे दहाच!

पासवर ठळक अक्षरांत छापलं होतं: प्रवेश सात वाजता, गरबा रात्री दहाला बंद. तरी आमच्या सोसायटीतली अर्धी मंडळी सव्वानऊला खाली उतरली. दहाला साउंडवाल्याने आवाज बंद केल्याबरोबर सगळे माझ्यावर तुटून पडले. म्हणे, आत्ता कुठे रंग चढला होता! अहो, सातपासून तो ढोलवाला रिकाम्या मैदानाकडे बघत बसला होता, तेव्हा होतात कुठे?

"सणाला बारापर्यंत चालतं की," हे तर दहा जणांनी ऐकवलं. नाही चालत! रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालापासूनचा नियम आहे. बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते आणि त्यातच गणपतीही येतात, थर्टी फर्स्टही येतो. नवरात्राच्या वाट्याला शेवटचे दोन-तीन दिवस आले तर आले. आमचा गरबा तिसऱ्या माळेला होता. पोलिसांकडच्या अर्जावर सही माझी, उद्या चौकीत उभा राहणार मी, आणि तुम्ही मला "जरा ॲडजस्ट करा" म्हणता?

दहाला बंद करायचं तर नऊ चाळीसला शेवटचा फेरा आणि पावणेदहाला आरती घ्यावी लागते. मी माइकवर तीनदा सांगितलं. तबक हातात घेऊन बायका उभ्या, कापूर विझून गेला, तरी "एक लास्ट, एक लास्ट" चालूच!

गाण्यांच्या लायसन्सचंही तेच. "देवीचं काम आहे, त्याला कसले पैसे?" धार्मिक विधीला कायद्यात सूट आहे, पण तीनशे रुपयांचा पास लावून डीजेवर सिनेमाची गाणी वाजवणं हा विधी नाही. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, शब्द-चालीचे वेगळे, म्हणून पैसेही दोन ठिकाणी भरावे लागतात. मी मीटिंगमध्ये आधीच म्हणालो होतो, ढोलवाल्याबरोबर गाणारी बोलवू, पारंपरिक गरबेच म्हणू. ते कुणा एकाच्या मालकीचे नाहीत आणि रेकॉर्ड वाजवली नाही तर तिचं लायसन्सही लागत नाही. तेव्हा "बोअर होईल" म्हणून हात वर करून पाडलंत. आता हिशेबात लायसन्सचा खर्च दिसला की मलाच जाब!

आणि "हिल्स नको, ओढणीला पिना लावा, घागरा जमिनीला टेकू देऊ नका" हे लिहिलं तर म्हणे आमच्या कपड्यांवर बंधनं घालतो. गेल्या वर्षी फेऱ्यात एका मुलीच्या घागऱ्यावर मागचीचा पाय पडला. ती तोंडावर आपटली, ओठ फाटला. तिला रिक्षात घालून दवाखान्यात मी नेलं होतं, म्हणून लिहिलं!

पुढच्या वर्षी साडेआठला गेट बंद. पास हातात असला तरी आत सोडणार नाही.