रिलेची एक ‘टिक’ आणि उखडलेली मेन लाइन

रात्री दोन वाजता शेतीची लाइट आली आणि तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेतली मोटार कोणी हात न लावता सुरू झाली. ड्रिपचे सगळे व्हॉल्व्ह बंद असल्याने मेन लाइन जोडातून उखडली आणि सकाळी चिखलात उभे राहून “तुझ्या त्या खेळण्यानं केलं हे” हे वडिलांचे बोल मुकाट ऐकून घ्यावे लागले. खेळणे म्हणजे ESP8266 या वाय-फाय चिपचा बोर्ड आणि त्यावर चालणारा रिले, ज्याच्या वायरी स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडल्या होत्या. रिले विकणाऱ्याला मी आधीच विचारले होते, तेव्हा तो म्हणाला होता, “सुरू होताना एक टिक होते, त्यानं काय बिघडत नाही.” बल्बाचे बिघडत नसेल, स्टार्टर मात्र क्षणभर बटण दाबले तरी ओढतो आणि स्वतःला धरून ठेवतो, एवढे तरी त्याला कळायला हवे होते.

संताप याचा आहे की हा बिघाड नाहीच. ज्या नमुन्यावरून मी जोडणी केली, त्यात रिले D4 वर, म्हणजे GPIO2 वर होता. चिप सुरू होताना ही पिन वर, म्हणजे `HIGH`, असावीच लागते, नाहीतर चिप नीट सुरू होत नाही. शिवाय त्याच क्षणी चिप स्वतःच तिच्यावर काही स्पंद सोडते. बोर्डावरचा निळा दिवा वीज येताच लुकलुकतो, तो याच पिनवर असतो. आमचा रिले बोर्ड इनपुट खाली गेल्यावर ओढणारा, त्यामुळे दिवा लुकलुकला की टिक ठरलेलीच.

मग मी वायर D1 वर, म्हणजे GPIO5 वर नेली. ही आणि D2 या दोन पिना सुरू होताना शांत असतात. तरीही टिक झालीच, उलट रिले काही सेकंद ओढलेलाच राहिला, कारण त्याच नमुन्यात `pinMode` आधी होते, मग वाय-फायची वाट पाहणे आणि शेवटी `digitalWrite`. पिन आउटपुट होताच आत साठलेला शून्य बाहेर येतो आणि असा बोर्ड शून्याला ‘चालू’ समजतो. क्रम उलटा हवा, तोही `setup()` च्या पहिल्या ओळींत:

```
digitalWrite(D1, HIGH);
pinMode(D1, OUTPUT);
```

आता मी इनपुट वर गेल्यावर ओढणारा रिले घेतला आहे, वरच्या ओळीत `HIGH` च्या जागी `LOW` केले आहे आणि D1 ते ग्राउंड १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावला आहे, म्हणजे चिप जागी होईपर्यंत रिले सुटलेलाच राहतो. मोटारीची वायर काढून प्लग वीस वेळा काढून-लावून पाहिला, तोही कानाने ऐकत, कारण इतक्या छोट्या टिकेला मल्टिमीटरचा बीप बऱ्याचदा दाद देत नाही. तरीही पिनेवर पूर्ण विसंबायला मी आता तयार नाही, म्हणून रिले आणि स्टार्टर यांच्यामध्ये दोन सेकंदांचा ऑन-डिले टायमर बसवला आहे. त्याचे पैसे वडिलांनी दिले, अर्थातच बोलून दाखवत.