अ‍ॅग्लोनेमा, भरीत आणि चाळीस लक्स

जळगावातल्या बहुतेक घरांच्या दिवाणखान्यात एक कोपरा असा असतो, की जिथे ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही आणि झाडूही सणावारीच पोचतो. त्या कोपऱ्यात काय ठेवावे, हा वास्तुशांतीपासून रेंगाळलेला प्रश्न अलीकडे अ‍ॅग्लोनेमाची कुंडी आणून सोडवला जातो. रोपवाटिकेतला माणूस ‘चायनीज एव्हरग्रीन’ असे भारदस्त नाव सांगतो आणि वर “याला उजेड लागतच नाही, साहेब” अशी हमीही देतो. आमच्याकडेही टीव्हीच्या डाव्या हाताला, सोफ्याच्या मागे, रुपेरी पट्ट्यांच्या पानांचे एक अ‍ॅग्लोनेमा असेच विराजमान झाले आणि कित्येक महिने इतके जसेच्या तसे राहिले, की एका पाहुण्यांनी ते प्लॅस्टिकचे समजून आमच्या सौभाग्यवतींना त्याची किंमत विचारली.

जानेवारीत आमच्याकडे भरीत पार्टी झाली. खानदेशात हिवाळ्यात हा प्रसंग टाळता येत नाही. वांगी काड्यांवर भाजली जातात, घरात धूर होतो, म्हणून खिडक्या उघडल्या जातात, आणि माणसे बसवायची म्हणून सोफे सरकतात. सोफे सरकले तेव्हा आमच्या मेहुण्यांनी कुंडी उचलून उत्तरेकडच्या गॅलरीत नेऊन ठेवली. रात्री कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत यांच्या अंमलाखाली सगळे जण निद्राधीन झाले, आणि जळगावचा पारा दहा अंशांच्या खाली उतरला असताना ते झाड मात्र बाहेर एकटेच जागे राहिले. सकाळी ते आत आले तेव्हा त्याच्यावर काहीही दिसत नव्हते, त्यामुळे कोणाला काही बोलायलाही जागा नव्हती.

दोनतीन दिवसांनी पानांवर काळपट हिरवे, तेलकट दिसणारे डाग उमटले. तेल लावलेल्या हाताने कोणी तरी पान धरले असावे, असा पहिला संशय भरीत वाढणाऱ्यांवर आला. त्याच सुमारास खालची काही पाने पिवळी होऊन मान टाकू लागली आणि घरात निदानाचे सत्र सुरू झाले. आईच्या मते झाडाला नजर लागली होती, कारण किंमत विचारणारे ते पाहुणे भरितालाही आले होते. शेजारच्या काकूंनी ताक ओतायला सांगितले. मेहुण्यांनी फोनवरून चहाचा चोथा सुचवला आणि गॅलरीचा विषय निघताच त्यांच्याकडचे नेटवर्क गेले. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत होते, की झाड सुकते आहे तेव्हा त्याला आणखी पाणी द्यावे. आणि प्रत्येकाने ते दुसऱ्याला न सांगता दिले.

निदान शेवटी चोपड्याहून आलेल्या मामांनी केले. मामांचे आयुष्य केळीच्या बागेत गेले आहे, आणि शोभेच्या झाडांविषयी त्यांना कमालीचा तिरस्कार आहे, कारण त्यांना घड येत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून एक डागाळलेले पान उजेडापुढे धरले आणि म्हणाले, “अरे, याले थंडी लागनी शे.” मग त्यांनी सांगितले, की कच्ची केळी १३ अंशांच्या खालच्या थंडीत राहिली तर तिची साल आतून काळवंडते, पुढे ती पिकते तेव्हा पिवळीधमक होत नाही, आणि म्हणूनच लांबच्या मालाचे कंटेनर १३-१४ अंशांवर ठेवतात, त्याहून गार केले की माल गेला.

मामांचा हिशेब अ‍ॅग्लोनेमालाही जवळजवळ तसाच लागू पडतो. हे झाड आपल्या अळूच्याच कुळातले असून त्याचे मूळ घर आशियातल्या उष्ण, दमट जंगलांच्या तळाशी, मोठ्या झाडांच्या सावलीत आहे, जिथे रात्रसुद्धा ऊबदारच असते. पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तरच झाडांना इजा होते, अशी आपली समजूत असते. परंतु अशा उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पेशींभोवतीचे पातळ पडदे दहा-बारा अंशांनाच ताठरतात आणि आतले पाणी व क्षार बाहेर झिरपू देतात. तो झिरपलेला रस पेशींमधल्या मोकळ्या जागेत भरतो आणि पान तिथे ओले, काळपट, तेलकट दिसू लागते. हे सगळे सावकाश घडत असल्याने डाग दिसायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत गुन्हेगार आपल्या गावी निघून गेलेला असतो. जातीजातींतही फरक असतो: रुपेरी पानांची ‘सिल्व्हर क्वीन’ थंडीला फार नाजूक, तर गडद हिरव्या पट्ट्यांची ‘मारिया’ त्या मानाने बरीच सोशिक. आमच्याकडे अर्थातच नाजूकच निघाली.

असेच ओलसर डाग जिवाणूंमुळेही पडू शकतात, म्हणून मामांनी माझ्या खिशातले बॉलपेन काढून प्रत्येक डागाच्या कडेने रेघ ओढली. थंडीचा डाग झाला तेवढाच राहतो, पुढे वाळून तपकिरी होतो. रोगाचा डाग रेघ ओलांडून पसरतो आणि बहुधा पिवळी कडा घेऊन येतो. आठवडाभर आमच्या दिवाणखान्यात निळ्या शाईच्या नकाशांचे झाड उभे होते आणि येणारा प्रत्येक जण हे कोणत्या मुलाचे काम, असे विचारत होता. रेघा कोणत्याही डागाने ओलांडल्या नाहीत. मामांचा शब्द खरा ठरला, आणि पुढचे जेवण त्यांनी त्याच विषयावर घेतले.

पण पिवळ्या पानांचे कोडे थंडीने सुटत नव्हते. डाग गॅलरीच्या कठड्याकडे तोंड असलेल्या पानांवर, वरखाली कुठेही होते. पिवळेपणा मात्र काटेकोरपणे खालून वर चढत होता. शिवाय पिवळी पाने वाळलेली नसून लुळी होती. मामांनी कुंडीत बोट खुपसले, दोन पेरे आत जाऊनही ते चिखल लागूनच बाहेर आले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून दुसरा निकाल दिला: “तुम्ही त्याले पानी पाजी पाजी मारी ऱ्हायनात.” कुंडी उचलली तेव्हा सगळे उघड झाले. रोपवाटिकेची प्लॅस्टिकची कुंडी एका देखण्या चिनी मातीच्या भांड्यात बसवलेली होती, त्या भांड्याला तळाशी भोक नव्हते, आणि त्यात चार बोटे पाणी साचलेले होते. त्या पाण्यात भरिताच्या रात्री पाहुण्यांनी पेल्यांतून ओतलेले उरलेसुरले पाणीही असावे, कारण तळाशी एक मिरचीचे देठ सापडले.

एवढे पाणी झाडाने प्यायले का नाही, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचे उत्तर रोपवाटिकेतल्या त्या अर्ध्या वाक्यात दडलेले आहे. पान उजेडाच्या बळावर अन्न तयार करते आणि ते करताना पाणी खर्च करते. उजेड कमी तर अन्न कमी, वाढ कमी आणि पाण्याची गरजही कमी. मी मोबाइलवर उजेड मोजण्याचे अ‍ॅप घेतले आणि, फोनचे माप अगदी नेमके नसते हे मान्य करूनही, घरभर हिंडून आलो. बाहेर भर दुपारच्या उन्हात आकडा लाखाच्या आसपास, पूर्वेच्या खिडकीपाशी पडद्याआड हजार-दीड हजार लक्स, आणि टीव्हीच्या डाव्या हाताच्या आमच्या कोपऱ्यात चाळीस. आपल्या डोळ्यांना तिथे वर्तमानपत्र सहज वाचता येते, कारण डोळे बाहुली मोठी करून घेतात. पानाला ती सोय नाही.

अ‍ॅग्लोनेमा पाचशे ते हजार लक्समध्ये दिवसाचे दहा-बारा तास मिळाले तर मंद गतीने का होईना, पण प्रामाणिकपणे संसार करते, आणि इतर बहुतेक झाडे तेवढ्यात हाय खातात. त्याच्या सहनशीलतेची जी ख्याती आहे ती एवढ्यापुरती खरी आहे. चाळीस लक्समध्ये मात्र त्याची कमाई खर्चाहून कमी होते. रोपवाटिकेच्या शेडनेटखाली भरपूर उजेडात असताना जाड खोडात साठवलेल्या पुंजीवर ते महिनोन्महिने बसून खाते आणि आपण त्याला ‘बिनउजेडाचे झाड’ म्हणून मिरवतो. पुंजी सरत आली की ते सर्वांत जुन्या पानातले नत्र काढून शेंड्याला देते आणि ते पान सोडून देते. त्यात पाणी आपण उजेडातल्या झाडाच्या हिशेबाने घातलेले असल्यामुळे मुळे चोवीस तास बुडालेली राहतात, त्यांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि चिखलात उभे असूनही झाड तहानलेले दिसते. मग घरातला दयाळू माणूस आणखी एक तांब्या ओततो. लाल-गुलाबी पानांच्या जातींना तर याहूनही जास्त उजेड हवा असतो. अंधारात त्यांचा रंग उतरून त्या हिरवट होत जातात.

झाड कुंडीतून काढले तेव्हा निम्मी मुळे पांढरी व टणक होती. उरलेल्यांची साल बोटाने ओढताच निघून येत होती आणि आत नुसता दोरा राहत होता. तेवढी कात्रीने कापली. हे काम हातमोजे घालून करावे, कारण याचा चीक अळूसारखाच खाजतो. मेहुणे मोजे न घालता पुढे सरसावले होते आणि आईने त्यांना बिलकूल अडवले नाही. माती, वाळू आणि थोडा नारळाचा भुसा असे मिश्रण, मुळांच्या मापाचीच भोकाची कुंडी, आणि पूर्वेच्या खिडकीपासून हातभर अंतर. पूर्ण पिवळी पाने काढली; डागाळलेली पण अर्धी हिरवी असलेली ठेवली, कारण हिरवा भाग अजून कमावतो आणि डाग तर कधीच भरून येणार नाहीत. खत वाढ सुरू होईपर्यंत मुळीच नाही, ताकही नाही. पाणी दोन पेरे माती कोरडी लागल्यावरच, आणि हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले गारठलेले पाणी थेट न देता बादलीत रात्रभर घरात ठेवून. रात्री ती खिडकी बंद.

नवे पान गुंडाळीतून सुटायला होळी उजाडली आणि आमची खरी अडचण तेव्हा सुरू झाली. खानदेशातला उन्हाळा पंचेचाळीसला टेकला की आम्ही सगळी घरे दारे-खिडक्या बंद करून, जाड पडदे ओढून बसतो; म्हणजे बाहेर वर्षातला सर्वांत प्रखर सूर्य तळपत असताना घराच्या आत वर्षातला सर्वांत गडद अंधार असतो. मे महिन्यात अ‍ॅग्लोनेमाची पाने पिवळी पडतात ती उष्म्याने, असे सगळे सांगतात. माझ्या मते त्यांतली पुष्कळशी पडद्याने आणि ‘बिचाऱ्याला किती तहान लागली असेल’ या वाक्याने पडतात. मी पूर्वेच्या खिडकीचा पडदा दिवसभर अर्धा उघडा ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. आईने कूलरकडे बोट दाखवून तो फेटाळला. बऱ्याच वाटाघाटींनंतर, झाडावर थेट ऊन येऊ न देता, पातळ पांढरा पडदा लावून जाड पडदा सकाळी दहापर्यंत बाजूला ठेवायचा आणि पाणी देण्याचा अधिकार फक्त एकाच माणसाकडे राहील, असे ठरले. तो माणूस मी नाही. सौभाग्यवतींनी तांब्या स्वतःच्या ताब्यात घेतला असून मामांनी त्याला फोनवरून मंजुरी दिली आहे.