मास्तरांचे ‘जर’

आज सकाळपासून एक चित्र मला तीन ठिकाणांहून आले आहे. इंदिरा गांधींचे छायाचित्र, त्याखाली ठळक अक्षरांत ‘गरिबी हेच सर्वांत मोठे प्रदूषण’, आणि अवतरणचिन्हांबाहेर काहीच नाही. कुठे म्हटले, कधी म्हटले, कोणत्या भाषेत म्हटले, याचा पत्ता नाही. पाठवणाऱ्यांपैकी एकाने वर लिहिले होते, ‘पर्यावरणवाल्यांनी वाचावे.’

ते वाक्य १४ जून १९७२ रोजी स्टॉकहोम येथे, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेत झालेल्या इंग्रजी भाषणातले आहे आणि मुळात ते विधानच नाही, तो प्रश्न आहे. माझ्या अनुवादात सांगायचे तर, ‘दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का?’ या प्रश्नाच्या अगदी आधीच्या वाक्यात त्या म्हणतात की पर्यावरणाची आणखी हानी करण्याची आमची इच्छा नाही, तरीही असंख्य लोकांचे भीषण दारिद्र्य आम्ही क्षणभरही विसरू शकत नाही. चित्र करणाऱ्याने आधीचे वाक्य टाकले, प्रश्नचिन्ह पुसले, ‘गरज’ गाळली, ‘प्रदूषक’चे ‘प्रदूषण’ केले आणि इतके करूनही अवतरणचिन्हे मात्र ठेवली. अवतरणचिन्ह म्हणजे ‘हे शब्द जसेच्या तसे आहेत’ अशी दिलेली ग्वाही असते. ती खोटी द्यायची आणि वर दुसऱ्याला ‘वाचा’ म्हणायचे, याचा मला मनस्वी संताप आला आहे.

संताप अधिक येतो, कारण हेच पाप माझ्या हातून झाले आहे. गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका परिषदेत एक निवृत्त शिक्षक खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीतल्या भातशेतीवर, कोंकणीतून बोलले. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, फळ्या भरतीच्या रेट्याने आपोआप कशा मिटतात आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडण्यासाठी कशा उघडतात, हे त्यांनी दोन्ही हातांनी दाखवले. मग ते म्हणाले, ‘जर बांध फुटून खारे पाणी आत शिरले, तर पुढचे काही पावसाळे त्या खाजनात भात येत नाही.’ त्यांच्या भाषणाचे असेच चित्र करताना चौकटीत वाक्य मावेना, म्हणून मी फक्त शेवट घेतला: ‘खाजनात भात येत नाही.’ खाली त्यांचे नाव घातले. बाकीची माहिती चित्रासोबतच्या मथळ्यात आहे, असे मी मनाला समजावले.

दोन दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. ते रागावले नव्हते. एवढेच म्हणाले, ‘बाय, म्हजें जर खंय गेलें?’ जन्मभर बांध राखणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्यांनी ते चित्र पाहिले होते, आणि हा आपल्याच शेतावर उलटला, असे त्यांना वाटले होते. मथळा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, कारण लोक चित्र उतरवून पुढे धाडतात आणि मथळा मागे राहतो. ही साधी गोष्ट मला तेव्हा उमगली. वक्त्याचे पूर्ण नाव, परिषद, दिनांक आणि ‘मूळ कोंकणी, मराठी अनुवाद अमुक यांचा’ ही ओळ चित्रावरच हवी.

लांब वाक्य कोणी वाचत नाही, हे खरे आहे, मान्य करते. पण मग लहान वाक्य शोधावे, लांब वाक्याचा शिरच्छेद करू नये. मधले शब्द गाळलेच तर तिथे तीन टिंबे द्यावीत, आणि ‘जर’, ‘बहुधा’, ‘नाही का’ असे शब्द तर कधीच गाळू नयेत, कारण वक्त्याने त्याच शब्दांत आपली जबाबदारी ठेवलेली असते.

‘पूर्ण भाषण जरूर पाहा’ एवढे लिहूनही भागत नाही. बेचाळीस मिनिटांत ते वाक्य शोधायला कोण बसेल? मास्तरांचे ते वाक्य १८:४० ला येते. मी दुव्याच्या शेवटी `t=1070` घातले आहे, म्हणजे ध्वनिचित्रफीत १७:५० ला सुरू होते आणि मानशीचे वर्णन आधी कानावर पडते. नेमक्या वाक्यावर नेऊन सोडले, तर तेही पुन्हा तोडल्यासारखेच होते.

ते जुने चित्र मी काढले, पण जे पुढे गेले ते परत आणता येत नाही. नवे चित्र आज मास्तरांना आधी वाचून दाखवले. ‘आतां बरें’ म्हणाले. त्याच्यासोबतचा मथळा असा:

‘“जर बांध फुटून खारे पाणी आत शिरले, तर पुढचे काही पावसाळे त्या खाजनात भात येत नाही.” मूळ कोंकणी, अनुवाद माझा. बांध शाबूत असताना काय पिकते, हे मास्तर याच भाषणात पुढे सांगतात. भाषण बेचाळीस मिनिटांचे आहे; वेळ कमी असेल तर १७:५० पासून मानशीचा भाग तरी ऐका. पूर्वीच्या चित्रात “जर” गाळले होते. ती चूक माझी होती, वक्त्यांची नव्हे.’