दुसरी भरती सूर्याची नव्हे

"समुद्राला दिवसातून दोनदा भरती का येते, माहीत आहे? चंद्र डोक्यावर आला की तो पाणी वर उचलतो, ती पहिली भरती. दुसरी भरती सूर्य आणतो."

असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही. सूर्याची भरती घड्याळ धरून आली असती, कारण सूर्य रोज साधारण त्याच वेळी माथ्यावर येतो. आमच्या गोव्यात खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतातल्या, मानशीवर चार दिवस जाऊन बघा. मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप. भरतीचं पाणी चढलं की मानशीची लाकडी दारं दाबानं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. आज सकाळी 9 वाजता भरती पूर्ण झाली, तर पुढची रात्री साडेनऊच्या आत-बाहेर आणि उद्या सकाळची 9:50 च्या सुमारास. दोन्ही भरत्या रोज सरासरी 50 मिनिटं पुढे सरकतात, आणि चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. शिवाय अवसेला चंद्र-सूर्य एकाच बाजूला असतात. मग त्या दिवशी दोघांची मिळून एकच भरती यायला हवी होती. येतात दोनच, आणि त्याही उधाणाच्या.

मग पलीकडची भरती कोण आणतं? तोच चंद्र. त्याची ओढ अंतराप्रमाणे कमी होते. समोरच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा सुमारे 6,400 किलोमीटर जवळ, म्हणून ते जास्त ओढलं जातं. मागच्या बाजूचं तेवढंच लांब, म्हणून कमी. अख्खी पृथ्वी चंद्राकडे ओढली जाते तेव्हा समोरचं पाणी तिच्या पुढे जाऊ पाहतं आणि मागचं मागे राहतं. दोन्हीकडे फुगवटा येतो. पृथ्वी फिरताना आपला किनारा दिवसाकाठी या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. सूर्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ 180 पट आहे खरी, पण तो इतका लांब की जवळच्या आणि लांबच्या बाजूतला फरक चंद्राच्या निम्म्याहून कमी पडतो. तेवढ्यानं तो भरती वाढवतो किंवा कापतो: अवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची लहान भरती.

"पाणी वर उचलतो" हेही जमत नाही. चंद्राच्या ओढीतला हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण एक कोटीवा भाग आहे, त्यानं पाणी उचललं जाणार नाही. ते आडवं सरकत सरकत एकीकडे गोळा होतं. आणि वाटेत खंडं असतात, उथळ तळ असतो, म्हणून भरती लाटेसारखी प्रवास करते. व्हिएतनामच्या दो सोन किनाऱ्यावर तर खाडीच्या आकारामुळे बहुतेक दिवस एकच भरती येते.

चंद्र डोक्यावर येण्याचं म्हणाल, तर आमची मांडवी नदीच बघा. सरासरी 5 मीटर खोल पाण्यात ही लाट तासाला सुमारे 25 किलोमीटर चालते. पणजीला भरती पूर्ण होऊन पाणी उतरू लागतं, तेव्हा आत गांजेकडे ते अजून चढतच असतं, आणि चंद्र तर दोन्हीकडे एकाच जागी दिसतो.