गणेशपट्टीवरचे दोन ठिपके

दहावीला संस्कृतात बरे मार्क पडले की माणूस जन्मभर नातेवाइकांच्या ताब्यात जातो. पत्रिकेवर कुठला श्लोक घालायचा, वास्तुशांतीला गुरुजींनी मधलं एक पान गाळलं का, सगळं त्याला विचारतात. बाकीचे विषय मला कधी कुणी विचारले नाहीत, त्यामुळे भूगोलातली माझी लाज झाकली गेली, एवढाच काय तो फायदा.

साताऱ्याला मंगळवार पेठेत आमचा वाडा आहे. पुढची बाजू दादाकाकांकडे, मागची आप्पाकाकांकडे आणि मधला चौक कोर्टाकडे. दादाकाकांनी पुढच्या दाराला पॉलिश करायला काढलं, तेव्हा चौकटीवरच्या गणेशपट्टीवर, थरावर थर चढलेल्या ऑइलपेंटखाली, अक्षरं निघाली. दोन ओळी होत्या. पहिलीची सुरुवात शाबूत होती: ‘अयं बंधुरयं ने’. पुढचं लाकूड वाळवीनं खाल्लं होतं. दुसरी ओळ तर जवळजवळ पूर्णच गेली होती.

“श्लोक शोध आणि उरलेला लिहून दे,” काका म्हणाले. “पेंटर गुरुवारी येतोय.”

पेंटर यायच्या आत कुठल्याही ग्रंथाचा शोध लागत नसतो, हे सांगून उपयोग नव्हता. कारण माझ्या चुलतभावाचा, बंड्याचा, शोध तोवर लागलाही होता. त्यानं मोबाइलवर ‘बंधुरयं’ टाईप केलं होतं आणि फोननं त्याला कुठल्याशा बंधूंचं सराफी दुकान आणि दोन मंगल कार्यालयं दाखवली होती. यात फोनचा फार दोष नाही. आपण मराठी माणसं सगळीकडे टिंब देऊन मोकळे होतो, पण संस्कृत ग्रंथांच्या बहुतेक प्रती ‘बन्धु’ असं अर्धा ‘न्’ जोडून लिहितात. यंत्राच्या दृष्टीनं बंधु आणि बन्धु यांची ओळखदेख नाही. आमच्याकडे सख्ख्या भावांचंही तेच आहे म्हणा.

मी वाईला सरांकडे गेलो. सर निवृत्त झाल्यापासून पुस्तकांच्या मध्ये राहतात, म्हणजे अक्षरशः मध्ये. चहाचा कप ठेवायचा तर आधी एखादं पुराण उचलावं लागतं. फोटो पाहून ते म्हणाले, “हा तर आपला ‘वसुधैव कुटुम्बकम्’वाला दिसतोय. फक्त त्याची सुरुवात अशी नाही.”

त्यांनी सुभाषितरत्नभाण्डागार काढलं. निर्णयसागरनं छापलेला हा संग्रह विषयवार लावलेला आहे, म्हणजे श्लोक कशाबद्दल आहे हे ठाऊक असेल तरच तो सापडतो. इथे सरांना ठाऊक होतं. श्लोक मिळाला: ‘अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम् । उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम् ॥’ हा माझा, हा परका, असा हिशेब कोत्या मनाची माणसं करतात. उदारांना सारी पृथ्वीच कुटुंब. हितोपदेशात आहे, पंचतंत्रात आहे, भाषणांत तर आहेच आहे. पण आमच्या लाकडावर ‘निजः’ नव्हतं.

“सुतारानं बदललं असेल का?” मी विचारलं.

“सुतार चुकला तर काना खातो, वेलांटी खातो,” सर म्हणाले. “आख्खा चरण बदलून वर छंद सांभाळत नाही. मोज.”

मी बोटांवर मोजलं. अ-यं-ब-न्धु-र-यं-ने-ति, बरोबर आठ. अनुष्टुभाचा चरण चोख होता, म्हणजे हा स्वतंत्र पाठ होता आणि तो कुठल्यातरी ग्रंथात असणार.

आता सूची. श्लोकाचे पहिले शब्द, म्हणजे प्रतीक, हातात असेल तर अकारादी सूचीसारखं सुख नाही, असं लोक समजतात. त्यांनी ‘अयं’ कधी शोधलेलं नसतं. ‘अयं’, ‘यदा’, ‘न हि’ अशा शब्दांनी सुरू होणारे श्लोक सूचीत रांगेनं पानंच्या पानं उभे असतात. त्यात ‘अयं’मधलं टिंब कुठे मानायचं, यावर सूचीकारांचं एकमत नाही. कुणी अनुस्वाराला सगळ्या व्यंजनांच्या आधी बसवतो, कुणी त्याला म् समजून थेट म-च्या रांगेत पाठवतो. त्यामुळे ‘नाही’ म्हणायच्या आधी दोन्ही ठिकाणी बघायचं. आणखी एक पाहायचं: सूची श्लोकांची आहे की पादांची? श्लोकसूचीत फक्त पहिला चरण असतो. तुमच्या हाती नेमका तिसरा चरण असेल, तर श्लोक त्याच पुस्तकात असूनही सूची तोंडावर ‘नाही’ म्हणते. महाभारताची भांडारकर संस्थेची प्रतीकसूची चारही चरणांची आहे, म्हणून तिचे सहा खंड झाले. सरांनी त्यातही बघून ठेवलं, पण ते बहुधा खंडांवरची धूळ झटकायला.

मग त्यांनी उपनिषद्वाक्यमहाकोश काढला. गजानन शंभू साधले शास्त्रींनी दोनशेहून अधिक उपनिषदांतली वाक्यं अकारादी लावून केलेला हा कोश. संगणक नसताना हे काम करणाऱ्याच्या घरच्यांशी मला एकदा बोलायचं आहे. त्यात ‘अयं बन्धुरयं नेति’ सापडलं. महोपनिषद, सहावा अध्याय. पुढची ओळ तीच, ‘वसुधैव कुटुम्बकम्’.

मी सुटकेचा निःश्वास टाकून पेढ्याचा डबा उघडला. सरांनी पेढा घेतला, सुटका मात्र दिली नाही. “हा कोश उपनिषदांचा आहे. उपनिषदांत कुठे आहे ते त्यानं सांगितलं. बाकी कुठे नाही, असं कुठे म्हणाला तो?”

छापील सूचीचं हेच आहे. ती आपल्या हद्दीबाहेर पाऊल टाकत नाही. तलाठ्याकडे शेजारच्या सजाचा सातबारा मागावा, तसं होतं. म्हणून रात्री मी संगणकावर बसलो. जर्मनीतल्या गटिंगेनहून चालवलेला GRETIL नावाचा संग्रह आहे, त्यात संस्कृत ग्रंथ रोमन लिपीत टाईप करून ठेवलेले आहेत. तिथे देवनागरीत काहीही शोधलं तरी शून्य. रोमनमध्येही एक गोची असते: आपण ‘बन्धुरयं’ सलग लिहितो, तर तिथे टाईप करणाऱ्यानं कधी संधी जोडून ठेवलेली असते, कधी शब्द तोडलेले. त्यामुळे पहिले शब्द ठाऊक असूनही ते शोधायचे नाहीत, हा या खेळातला सगळ्यात उफराटा नियम. श्लोकातला असा तुकडा घ्यायचा की ज्याच्या पोटात संधी नाही, टिंब नाही, आणि जो जगात फारसा कुणी वापरलेला नाही. ‘गणना’ खूप ठिकाणी असणार. ‘लघुचेतस्’ कमी. ‘लघुचेतसाम्’मधला शेवटचा म् पुढच्या शब्दाच्या नादानं बदलू शकतो, म्हणून तोही कापायचा. उरतं ते हे:

```
laghucetas
```

हितोपदेश आला, पंचतंत्र आलं, अपेक्षेप्रमाणे. आणि योगवासिष्ठ आलं. उपशमप्रकरण, अठरावा सर्ग: ‘अयं बन्धुरयं नेति गणना लघुचेतसाम् । उदारचरितानां तु विगतावरणैव धीः ॥’ तीन चरण तेच, चौथा निराळा. इथे उदारांची पृथ्वी कुटुंब होत नाही. त्यांच्या बुद्धीवरचा पडदा गेलेला असतो. महोपनिषदातले पुष्कळ श्लोक योगवासिष्ठातही आहेत आणि उपनिषदानंच ते तिथून उचलले असं अभ्यासक मानतात, त्यामुळे दोन्हींत एकच सुरुवात असावी यात नवल नव्हतं.

टाईप केलेल्या ग्रंथावर विसंबून पेंटरला पैसे द्यायचे नसतात, म्हणून छापील पानांचे स्कॅन उघडून दोन्ही ताडून पाहिले. मजा म्हणजे योगवासिष्ठ आणि एकशेआठ उपनिषदं, दोन्हींच्या निर्णयसागर आवृत्त्यांचे संपादक एकच, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर. दोन्ही चरण एकाच पंडिताच्या नजरेखालून गेले होते, म्हणजे छापखान्यावर ढकलून मोकळं होण्याचाही मार्ग बंद.

आता गणेशपट्टीवर यातला कुठला? जागा मोजून उपयोग नव्हता. ‘वसुधैव कुटुम्बकम्’ आठ अक्षरांचं, ‘विगतावरणैव धीः’ही आठच. मी बंड्याला अंधार पडल्यावर स्टुलावर चढवलं आणि टॉर्च पट्टीला चिकटवून आडवा धरायला लावला. समोरून उजेड टाकला की रंगच दिसतो, बाजूनं टाकला की खोदकामाच्या सावल्या पडतात. दुसऱ्या ओळीच्या अगदी शेवटी, तोरणाच्या खिळ्यांची म्हणून आजवर कुणी लक्ष न दिलेली दोन भोकं होती. एकाखाली एक, सारख्या आकाराची आणि तळाशी गोल. खिळ्याचं भोक खोल आणि वाकडंतिकडं असतं. ही पटाशीनं कोरलेली, उथळ होती. त्यांच्या डावीकडे वरच्या बाजूला दुसऱ्या वेलांटीची कमान, बुंध्याशिवाय.

दोन ठिपके म्हणजे विसर्ग. ‘कुटुम्बकम्’ला विसर्ग नाही. कोरणाऱ्यानं मराठी सवयीनं ‘कं’ केलं असतं, तरी टिंब डोक्यावर बसलं असतं, शेजारी नाही, आणि वेलांटी तर दोन्हीकडून येत नाही. ‘धीः’मध्ये दोन्ही आहेत. आमच्या पणजोबांनी, किंवा त्यांच्या सुतारानं, योगवासिष्ठातला पाठ घेतला होता. त्यांनी पोथी वाचली होती की कुणा बुवाच्या प्रवचनात ऐकला होता, हे लाकडावरून कळत नाही.

आता काकांना सांगायचं होतं. जगप्रसिद्ध चरण सोडून कुणाला न कळणारा चरण दारावर रंगवा, असं सांगायला मी पूर्ण तयारीनं गेलो. प्रतींचे प्रिंट, पट्टीचे फोटो, वर सरांचं मत. काका ओरडतील, ‘वसुधैवच लिही’ म्हणतील, म्हणून उत्तरंही घोकली होती.

काकांनी फोटो बघितलेच नाहीत. “म्हणजे कुटुंब हा शब्द त्यात नाही?”

“नाही.”

“नक्की? पुराव्यानिशी?”

“विसर्ग आहे ना, काका.”

“शाब्बास!” त्यांनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. “आप्पाचं कोर्टात म्हणणंच आहे की वाडा एकत्र कुटुंबाची मिळकत आहे. दारावर कुटुंब रंगवू नका, असं वकिलांनी कालच बजावलंय. तो विसर्ग जरा ठळक काढायला सांग पेंटरला.”